वर्गणीदार केव्हा सोडून जातात? टिकाव-कोष्टक वाचण्याची रीत

एखाद्या हौदात एका नळाने पाणी येत असेल आणि तळाच्या भेगेतून ते गळत असेल, तर केवळ पाण्याची पातळी पाहून गळतीचा अंदाज करता येत नाही. नळ मोठा सोडला म्हणजे गळती वाढत असतानाही पातळी चढतच राहते. दरमहा वर्गणी घेऊन चालणाऱ्या संस्थांची, मग त्या वृत्तपत्राच्या असोत, संगीताच्या असोत वा शिकवणीच्या असोत, स्थिती नेमकी अशीच असते. “आज आमचे इतके वर्गणीदार आहेत” हे विधान केवळ पातळी सांगते. कोण गळाले आणि येऊन किती दिवस झाल्यावर गळाले, हे जाणण्यासाठी निराळ्या प्रकारचे कोष्टक मांडावे लागते. त्याला आपण टिकाव-कोष्टक म्हणू. इंग्रजीत त्याचे नाव ‘कोहॉर्ट रिटेन्शन टेबल’ असे आहे. ‘कोहॉर्ट’ हा मूळचा रोमन सैन्यातील शब्द असून एका लीजनमध्ये अशा दहा तुकड्या असत. आपल्या शाळांतही ‘तुकडी’ हा शब्द रूढ आहे, तोच येथे वापरू. एकाच महिन्यात दाखल झालेले सर्व वर्गणीदार म्हणजे एक तुकडी.

या कल्पनेचे मूळ लोकसंख्याशास्त्रात आहे. १६९३ साली एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) या शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक आयुर्मान-सारणी प्रसिद्ध केली. तिच्यात पहिल्या वर्षातील १००० बालकांपासून आरंभ करून पुढील प्रत्येक वयास किती शिल्लक राहतात ते दिले होते. दुसऱ्या वर्षाच्या पुढे ८५५ हा आकडा आहे. मात्र हॅलीने एकाच पिढीचा जन्मभर पाठपुरावा केला नव्हता. थोड्या वर्षांच्या नोंदींवरून त्याने सर्व वयांचे चित्र जुळविले, आणि ते करताना शहराची स्थिती वर्षानुवर्षे सारखीच राहते असे त्याला गृहीत धरावे लागले. वर्गणीदारांच्या बाबतीत ही अडचण नाही. त्यांचे ‘आयुष्य’ महिन्यांत मोजता येते, आणि प्रत्येक तुकडीचा आरंभापासून खराखुरा पाठपुरावा करता येतो.

कोष्टकाची मांडणी

आता एक उदाहरण घेऊ. मुलांसाठी विज्ञानविषयक नियतकालिक काढणारी एक प्रकाशनसंस्था आहे अशी कल्पना करा. नियतकालिक भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचावयाचे असून त्याची वर्गणी दरमहा बँकेतून आपोआप वजा होते. पहिली वर्गणी आणि पुढील दोन नूतनीकरणे निम्म्या दराने होतात. तिसऱ्या नूतनीकरणापासून पूर्ण दर लागू होतो. पुढील आकडे समजुतीसाठी रचलेले आहेत. कोष्टक जूनअखेर तयार केले आहे. प्रत्येक ओळीत एक तुकडी आहे, आणि प्रत्येक रकान्यात त्या नूतनीकरणाची वर्गणी भरून शिल्लक राहिलेल्यांची संख्या आहे.

| तुकडी | प्रारंभी | १ले | २रे | ३रे | ४थे | ५वे |
|---|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | ४०० | ३२० | ३०० | २२५ | १९२ | १८४ |
| फेब्रुवारी | ५०० | ४०० | ३७५ | २४४ | २३२ | |
| मार्च | १००० | ६०० | ५०४ | ३७८ | | |
| एप्रिल | ५०० | ३५० | ३२८ | | | |
| मे | ५०० | ४०० | | | | |
| जून | ६०० | | | | | |

उजवीकडील रिकामा भाग हा शून्यांचा नव्हे. ते महिने त्या तुकड्यांच्या वाट्याला अजून आलेलेच नाहीत. मे महिन्यात आलेल्यांपैकी किती जण पाचव्या नूतनीकरणापर्यंत टिकतील, हे ऑक्टोबर उजाडल्याविना कोणालाही कळणार नाही.

प्रथम संस्थेची ‘पातळी’ पाहू. जानेवारीत ४००, फेब्रुवारीत ८२०, मार्चमध्ये १७००, एप्रिलमध्ये १७००, मेमध्ये १७९० आणि जूनमध्ये २१२२ असे एकूण वर्गणीदार होते. संख्या एकदाही घटलेली नाही, तेव्हा व्यवस्थापक संतुष्ट असल्यास नवल नाही. परंतु सहा महिन्यांत दाखल झालेल्या ३५०० जणांपैकी १३७८ निघून गेले आहेत, ही गोष्ट या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

पुष्कळदा महिन्याच्या सरासरी गळतीचा आकडा काढून समाधान मानले जाते. मेअखेर १७९० वर्गणीदार होते. त्यांपैकी जूनमध्ये २६८ गेले, म्हणजे शेकडा १५. पण हे ‘शेकडा १५’ कोणत्या तुकडीला लागू पडते? जूनमध्ये जानेवारीच्या तुकडीतील शेकडा ४ गेले, फेब्रुवारीच्या तुकडीतील शेकडा ५, एप्रिलच्या तुकडीतील शेकडा ६, मेच्या तुकडीतील शेकडा २० आणि मार्चच्या तुकडीतील शेकडा २५. शेकडा १५ ने कोणतीच तुकडी गळालेली नाही. निरनिराळ्या वयाच्या तुकड्या एकत्र कालविल्यामुळे तो आकडा निर्माण झाला आहे. पुढील महिन्यात नवे वर्गणीदार अधिक आले तर कोणाचे वर्तन तिळमात्र न बदलताही तो बदलेल.

आडवे वाचन

गळती केव्हा होते, हा आपला मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर एखादी ओळ डावीकडून उजवीकडे वाचल्याने मिळू लागते. जानेवारीची तुकडी घ्या. ४०० पैकी पहिल्या नूतनीकरणास ८० जण गळाले, दुसऱ्यास २०, तिसऱ्यास ७५, चौथ्यास ३३ आणि पाचव्यास ८.

येथे एक चूक हमखास होते. मूळच्या ४०० शी तुलना केली तर पहिल्या नूतनीकरणास शेकडा २० गेले आणि तिसऱ्यास शेकडा पावणेएकोणीस. यावरून असे वाटते की सर्वांत अवघड प्रसंग पहिला, आणि तिसरा त्याच्या खालोखाल. परंतु तिसऱ्या नूतनीकरणाच्या वेळी सोडून जाण्यास ४०० माणसे उरलीच कोठे होती? जी माणसे आधीच गेली, ती पुन्हा जाऊ शकत नाहीत. त्या वेळी ३०० जण शिल्लक होते आणि त्यांतले ७५ गेले, म्हणजे शेकडा २५. भागाकार नेहमी त्या प्रसंगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या संख्येने करावयाचा असतो. आयुर्मान-सारणी वाचणारा गणिती हेच करतो. साठाव्या वर्षी मृत्यूची शक्यता किती, हे तो साठीपर्यंत जगलेल्यांच्या संख्येवरून ठरवितो, जन्मलेल्यांच्या संख्येवरून नव्हे.

अशा रीतीने जानेवारीच्या तुकडीचे गळतीचे दर शेकडा २०, ६, २५, १५ आणि ४ असे येतात. चौथ्या नूतनीकरणाच्या १५ या आकड्याचा विचार तूर्त बाजूला ठेवू. उरलेल्या आकड्यांत दोन उंचवटे स्पष्ट आहेत. पहिल्या उंचवट्यावर ती माणसे आहेत ज्यांनी नियतकालिक उघडून पाहिले आणि त्यांना ते नकोसे वाटले, किंवा ज्यांनी ते कधी उघडलेच नाही. दुसऱ्या उंचवट्यावर मात्र निराळी माणसे आहेत. त्यांनी तीन अंक घेतले, दोनदा वर्गणी चालू ठेवली, आणि दर दुप्पट होताच ती निघून गेली. हा दुसरा उंचवटा पहिल्यापेक्षा उंच आहे, आणि मूळ संख्येने भागणाऱ्याला तो नेमका झाकलेला राहतो. ज्याला तो दिसला नाही, तो आपला सारा पैसा पहिला अंक आकर्षक करण्यात खर्च करील आणि तिसऱ्या नूतनीकरणाची भेग तशीच राहील.

उभे वाचन

एकाच तुकडीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. म्हणून आता एक रकाना वरून खाली वाचू. उभ्या वाचनात सर्व तुकड्या एकाच वयाच्या असतात, त्यामुळे त्यांची तुलना न्याय्य ठरते. पहिल्या नूतनीकरणाच्या रकान्यात टिकाव शेकडा ८०, ८०, ६०, ७० आणि ८० असा आहे. मार्चची तुकडी तीव्रतेने वेगळी पडते. संस्थेच्या दप्तरात पाहता असे आढळते की मार्चमध्ये एका मोठ्या प्रदर्शनात भेटवस्तू देऊन नावे नोंदविण्यात आली होती. भेटवस्तूसाठी आलेले पुष्कळ जण पहिल्याच संधीला बाहेर पडले. एप्रिलमध्ये एकूण संख्या १७०० वर का थबकली याचाही उलगडा येथे होतो, कारण नव्याने आलेल्या ५०० जणांची जागा भरून काढण्याइतके, म्हणजे बरोबर ५०० जुने वर्गणीदार त्या महिन्यात गेले आणि त्यांतील ४०० एकट्या मार्चच्या तुकडीतील होते.

मार्चच्या तुकडीचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या नूतनीकरणास ५०४ पैकी ३७८ टिकले, म्हणजे शेकडा ७५. जानेवारीच्या तुकडीचे प्रमाणही नेमके तेवढेच होते. हौशी मंडळी गळून गेल्यावर उरलेले वर्गणीदार इतरांसारखेच वागले, आणि दरवाढीला त्यांनी तितक्याच प्रमाणात नकार दिला.

उभे वाचन करताना संख्येच्या लहानमोठेपणाचे भान ठेवावे लागते. ४०० जणांच्या तुकडीत गळतीचा खरा कल शेकडा २० असला तरी केवळ योगायोगाने तो कधी १६ तर कधी २४ दिसू शकतो. तुकडी ४० जणांची असेल तर हाच हेलकावा सुमारे ८ पासून ३२ पर्यंत जातो. म्हणून एका तुकडीचा टिकाव ८० आणि दुसरीचा ७८ असेल तर त्यामागे कारण शोधण्याची घाई करू नये. मार्चच्या ६० ची गोष्ट निराळी. १००० जणांत एवढी तफावत योगायोगाने पडत नाही.

तिरपे वाचन

एप्रिलच्या तुकडीचा ७० आणि जानेवारीच्या चौथ्या नूतनीकरणाची ती शेकडा १५ गळती, या दोन गोष्टी अजून उलगडलेल्या नाहीत. एप्रिलमध्ये भेटवस्तू दिल्या नव्हत्या, आणि चौथ्या नूतनीकरणास दरही वाढला नव्हता. फेब्रुवारीच्या तुकडीत त्याच प्रसंगी अवघे शेकडा ५ गळाले.

उत्तर कोष्टकाच्या तिरप्या रेषेत आहे. जानेवारीच्या तुकडीचे चौथे, फेब्रुवारीचे तिसरे, मार्चचे दुसरे आणि एप्रिलचे पहिले नूतनीकरण ही चारही एकाच महिन्यात, मेमध्ये, येतात. उजवीकडून डावीकडे खाली उतरणाऱ्या या रेषेवरील प्रत्येक तुकडीचा टिकाव, त्या त्या वयाच्या नेहमीच्या टिकावापेक्षा शेकडा सुमारे दहाने कमी आहे. जेथे ९५ अपेक्षित होते तेथे ८५ आहेत, ७५ च्या जागी ६५, ९४ च्या जागी ८४ आणि ८० च्या जागी ७०. निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या मार्गांनी आलेल्या माणसांना एकाच महिन्यात सारखाच धक्का बसला, याचा अर्थ धक्क्याचे कारण त्यांच्या वयात वा स्वभावात नसून त्या महिन्यात आहे. पुढील तिरप्या रेषेवर, म्हणजे जूनमध्ये, सर्व प्रमाणे पूर्ववत् झालेली दिसतात.

असे धक्के कशाने बसतात याचे एक खरे उदाहरण आपल्या देशातील आहे. कार्डावरून ठराविक मुदतीने आपोआप होणाऱ्या वजावटींसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने घालून दिलेले नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अंमलात आले. ग्राहकाची पूर्वसंमती नोंदविणे आणि वजावटीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना देणे आवश्यक झाले. ५००० रुपयांवरील प्रत्येक वजावटीस अतिरिक्त पडताळणी लागू झाली. ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५००० रुपये करण्यात आली. नियम ग्राहकाच्या संरक्षणासाठीच होते, परंतु अनेक बँका आणि व्यापारी यांची तयारी पुरी न झाल्यामुळे त्या सुमारास पुष्कळ वजावटी अडून राहिल्या. त्या महिन्यात बंद पडलेल्या वर्गण्यांत कंटाळून गेलेली माणसे होती, तशीच वर्गणी बंद झाल्याचे ज्यांना ठाऊकही नव्हते अशी माणसेही होती. कोष्टक या दोघांत भेद करीत नाही. त्याला फक्त वर्गणी आली किंवा आली नाही एवढेच कळते. म्हणून स्वतः रद्द केलेली वर्गणी आणि वजावट अडल्याने खंडित झालेली वर्गणी यांची नोंद मुळातच वेगळी ठेवली पाहिजे. पहिल्या प्रकारावर उपाय मजकुरात वा किमतीत शोधावा लागतो. दुसऱ्यास कित्येकदा एक स्मरणपत्र पुरते.

या तिरप्या वाचनातच कोष्टकाची एक मूलभूत मर्यादाही आहे. वर्गणीदाराचे वय म्हणजे चालू महिना वजा दाखल झाल्याचा महिना. या तीन राशींपैकी दोन ठरल्या की तिसरी आपोआप ठरते, त्यामुळे तिन्हींचे परिणाम केवळ गणिताने एकमेकांपासून पूर्णतः वेगळे काढता येत नाहीत. आपल्या उदाहरणात उलगडा झाला तो दप्तरातील नोंदींच्या साहाय्याने. कोष्टक कोठे पाहावे हे दाखविते. कारण मात्र बाहेरूनच आणावे लागते.

दोन सापळे

पहिला सापळा मोजणीच्या तारखेचा आहे. २० जानेवारीस आलेल्या माणसाचे पहिले नूतनीकरण २० फेब्रुवारीस येते. कोष्टक १० फेब्रुवारीस तयार केले तर तो अजून टिकून आहे असे दिसेल, वस्तुतः त्याची परीक्षाच झालेली नाही. त्याचप्रमाणे कोणी २३ जानेवारीस ‘रद्द करा’ असे कळविले तरी भरलेल्या पैशाची मुदत संपेपर्यंत तो वर्गणीदारांत मोजला जातो. निर्णय तिसऱ्या दिवशी झालेला असतो आणि कोष्टकात तो एकतिसाव्या दिवशी उमटतो. म्हणून महिना पुरा होण्यापूर्वी शेवटच्या तिरप्या रेषेवर विश्वास ठेवू नये. आणि माणसे कोणत्या दिवशी मन बदलतात हे पाहावयाचे असेल तर रद्द केल्याच्या तारखांचे वेगळे कोष्टक करावे.

दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ कोष्टकांत जसजसे महिने जातात तसतसा गळतीचा दर उतरत जातो, आणि त्यावरून ‘सहवासाने वर्गणीदारांची निष्ठा वाढते’ असा निष्कर्ष काढण्यात येतो. तो खरा असेलच असे नाही. समजा, २०० जणांत दोन प्रकारची माणसे सारख्या संख्येने आहेत. पहिल्या शंभरांतील निम्मे दरमहा सोडून जातात, दुसऱ्या शंभरांतील फक्त दहावा हिस्सा. पहिल्या महिन्यात ५० अधिक १० असे ६० गेले, म्हणजे शेकडा ३०. आता उरले ५० आणि ९०, मिळून १४०. दुसऱ्या महिन्यात २५ अधिक ९ असे ३४ गेले, म्हणजे शेकडा २४. दर उतरला, पण एकाही माणसाचा स्वभाव बदललेला नाही. अस्थिर माणसे आधी गळाल्यामुळे मागे राहिलेल्यांत स्थिर माणसांचे प्रमाण वाढले, एवढेच. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी या अभ्यासकांनी २००७ मध्ये मांडलेले वर्गणीदारांच्या टिकावाचे गणिती प्रतिमान याच कल्पनेवर उभे आहे. सुरुवातीच्या काही महिन्यांवरून पुढचा टिकाव वर्तविण्यासाठी त्याचा उपयोग करतात.

निदानानंतर

आपल्या काल्पनिक संस्थेपुढे आता तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मार्चची गळती भरतीच्या पद्धतीमुळे झाली. तिचा उपाय पुढील प्रदर्शनात आहे. मेची गळती बाहेरच्या धक्क्याने झाली आणि तिची पुनरावृत्ती झालेली नाही. तीत खंडित झालेल्यांना पत्र धाडले की काम झाले. तिसऱ्या नूतनीकरणाची गळती मात्र ज्या तीन तुकड्या तेथवर पोहोचल्या त्या तिन्हींत आहे. ती वयाशी बांधलेली असल्यामुळे येणाऱ्या प्रत्येक तुकडीला ती भोगावी लागेल.

दर एकदम दुप्पट होणे हेच तिचे कारण असावे, असा तर्क आहे. तो तपासण्यासाठी जुलैच्या तुकडीचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करावेत. एका भागास जुनाच क्रम ठेवावा, आणि दुसऱ्यास पूर्ण दरापर्यंत तीन लहान पायऱ्यांनी न्यावे. तुकडी ६०० जणांची असेल तर तिसऱ्या नूतनीकरणाच्या उंबरठ्यावर प्रत्येक भागात सुमारे सव्वादोनशे जण उरतील. तेवढ्या संख्येत गळती २५ वरून १५ वर आली तर ती ओळखू येईल. २५ वरून २३ वर आली तर ती योगायोगापासून वेगळी काढता येणार नाही. मात्र दुसऱ्या भागाचा निर्णय त्याच्या शेवटच्या पायरीनंतरच करावा, एरवी गळती थांबली नसून केवळ पुढे ढकलली गेली असेल. जुलैच्या तुकडीचे तिसरे नूतनीकरण ऑक्टोबरमध्ये येते आणि पायऱ्या त्यानंतरही चालू राहतात; तेव्हा पक्के उत्तर वर्षअखेरीपूर्वी मिळणार नाही. तोपर्यंत एकूण वर्गणीदारांची संख्या चढली काय किंवा उतरली काय, या प्रश्नाबाबत ती काहीही सांगत नाही.